नव्वद दिवसांच्या हमीचा हिशोब

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, कागल अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना चालवणाऱ्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये एक पत्र ठरलेलं असतं. मजकूर साधारण असा: ‘आमच्याकडे आयटीआय फिटर, वेल्डर, टर्नर, सीएनसी आणि व्हीएमसी ऑपरेटर त्वरित उपलब्ध आहेत. सर्व उमेदवार अनुभवी आणि तपासलेले. फी फक्त ८.३३ टक्के. ९० दिवसांची मोफत रिप्लेसमेंट गॅरंटी.’ खाली मोबाइल नंबर आणि दहा-बारा मोठ्या कंपन्यांची नावं असतात.

माणूस मिळत नाही म्हणून मशीन बंद ठेवावं लागलेल्या मालकाला या पत्रातली शेवटची ओळ सर्वांत आधी दिसते. माणूस टिकला नाही तर दुसरा फुकट मिळणार, मग आपलं काय जाणार, असा विचार मनात येतो. पैसे भरण्याआधी या ओळीचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघायला हवा. हा हिशोब मालकाच्या फायद्याचा आहेच, पण गावाकडून पिशवी घेऊन येणाऱ्या कामगाराच्या दृष्टीनं तो जास्त महत्त्वाचा आहे, असं मला वाटतं.

आधी फीचं पाहू. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, थोडक्यात एका महिन्याचा पगार. समजा, दहा-पंधरा माणसांच्या एका वर्कशॉपला सीएनसी टर्निंग सेंटरवर दुसऱ्या पाळीसाठी ऑपरेटर हवा आहे. मालकानं एजन्सीला सांगितलं की महिन्याला २२,००० रुपये सीटीसी देतो. वर्षाचे झाले २,६४,०००, त्यावर ८.३३ टक्के म्हणजे जवळपास २२,००० रुपये फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटीचे ३,९६०. एकूण बिल सुमारे २६,००० रुपयांचं. जीएसटी भरणाऱ्या नियमित कारखान्याला कराचा भाग परत वजा मिळतो, त्यामुळे खरा खर्च बावीस हजारांचा. या व्यवहारात कामगार थेट कारखान्याच्या हजेरीपटावर येतो. एजन्सीचं काम माणूस मिळवून देण्यापुरतं असतं.

ऑपरेटर १ सप्टेंबरला रुजू झाला. नव्वदावा दिवस येतो २९ नोव्हेंबरला, म्हणजे तोपर्यंत हमी चालू. काम बरं चाललं होतं. १८ ऑक्टोबरला पाळी संपवून तो दिवाळीसाठी गावी गेला. कारखाना २७ तारखेला उघडला, तो आला नाही. मालकानं फोन केला. ‘येतो साहेब, दोन दिवसांत निघतोच,’ असं उत्तर मिळालं. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग फोन बंद. १० नोव्हेंबरला मालकानं एजन्सीला मेल केला की तुमचा माणूस गेला, बदली द्या.

एजन्सीनं कराराची प्रत पाठवली. त्यात लिहिलं होतं की उमेदवार गेल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी कळवणं आवश्यक आहे, आणि गेल्याची तारीख म्हणजे कामाचा शेवटचा दिवस. शेवटचा दिवस १८ ऑक्टोबर, म्हणजे सात दिवस २५ तारखेलाच संपले. कारखाना उघडला २७ ला. माणूस परतणार नाही हे मालकाला कळायच्या आधीच हमी संपलेली होती. एजन्सीनं कायदेशीर बोट ठेवलं, पण संबंध राखायचे म्हणून दुसरा माणूस द्यायचं कबूल केलं. तो ५ डिसेंबरला आला. करारातलं पुढचं कलम असं की बदलीच्या माणसाला मूळ मुदतीतले उरलेले दिवसच लागू राहतील. मूळ मुदत २९ नोव्हेंबरला संपलेली, त्यामुळे या दुसऱ्या माणसावर एकाही दिवसाची हमी नव्हती.

हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण त्यातली कलमं अशा करारांत नेहमी दिसणारी आहेत. आणखीही काही असतात. फी सात दिवसांत भरली नाही तर हमी रद्द, बदली एकदाच, मालकानं कामाचं स्वरूप किंवा पाळी बदलली तर हमी नाही, आणि कुठल्याही परिस्थितीत पैसे परत नाहीत. पत्रातल्या ठळक ओळीत यातलं काहीच नसतं.

आता नुकसान मोजू. सीएनसी टर्निंगचा दर तासाला ४०० रुपये धरला तर आठ तासांच्या पाळीचं काम ३,२०० रुपयांचं. २७ ऑक्टोबर ते ४ डिसेंबर या काळात कामाचे ३० दिवस धरले तरी ९६,००० रुपयांचं काम झालं नाही. वीज, टूल वाचले हे खरं, पण मशीनचा हप्ता आणि शेडचं भाडं थांबलं नाही, आणि ज्या मोठ्या कारखान्याला माल द्यायचा त्याचं वेळापत्रकही थांबलं नाही. हमी पूर्णपणे पाळली गेली असती तरी तिनं झाकलं असतं ते २२,००० रुपयांचं शोधकाम. बंद मशीनची भरपाई त्यात कधीच नव्हती. म्हणून हमीचे दिवस ६० आहेत की ९०, यावर घासाघीस करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. माणूस का गेला, हे शोधण्यात आहे.

आपल्या उदाहरणातला ऑपरेटर का गेला? बहुतेक वेळा उत्तर पहिल्या पगाराच्या दिवशी सापडतं. मालक २२,००० म्हणाला तो सीटीसी, म्हणजे कारखान्याचा एकूण खर्च. एजन्सीतल्या मुलानं फोनवर उमेदवाराला सांगितलं, ‘बावीस हजार पगार आहे, ओव्हरटाइम वेगळा.’ उमेदवारानं ते हातात येणारे पैसे समजले. हिशोब असा होतो: कारखान्याच्या २२,००० मधून मालकाच्या वाट्याचा पीएफ, त्यावरचे आनुषंगिक आकार आणि ईएसआयसीचे ३.२५ टक्के बाजूला काढले की कामगाराचा ढोबळ पगार राहतो साधारण १९,४००. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर भरला तर कामगाराच्या वाट्याचे १,८०० कापले जातात, ईएसआयसीचे ०.७५ टक्के जातात, व्यवसाय कराचे २०० जातात. हातात येतात १७,३०० च्या आसपास.

बावीस हजारांच्या भरवशावर त्यानं खोली घेतली, डिपॉझिट दिलं, घरी किती पाठवायचे ते कळवलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात खात्यात जमा झालेला आकडा बघून त्याला फसवलं गेल्यासारखं वाटलं असणार, आणि ते वाटणं चुकीचं नाही. मालकानं फसवलं नव्हतं, कायद्यानं कापायचं तेच कापलं होतं. मधल्या माणसानं आकडा सोयीचा सांगितला होता. दिवाळीला गावी जाऊन परत न येणं हा त्या माणसाकडे असलेला एकमेव सन्मानाचा मार्ग होता. मालकांच्या बैठकांमध्ये ‘पोरं टिकत नाहीत’ असं सर्रास बोललं जातं, तेव्हा ही सत्तेचाळीसशे रुपयांची तफावत कुणी मोजत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्यावर उपाय अगदी साधा आहे. रुजू होण्याआधी कामगाराच्या हातात मराठीत किंवा हिंदीत एक पान द्यायचं: ढोबळ पगार किती, कापणार काय काय, हातात किती, ओव्हरटाइमचा दर काय, पाळी कुठली, साप्ताहिक सुट्टी कोणती, खोलीची किंवा जेवणाची सोय आहे की नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणं बंधनकारक झालंच आहे. त्या पत्रात सीटीसीच्या शेजारी हातात येणारा आकडाही लिहावा, आणि तो एजन्सीच्या माध्यमातून न सांगता कारखान्यातल्या माणसानं स्वतः वाचून दाखवावा. काही उमेदवार तो आकडा ऐकून त्याच दिवशी नाही म्हणतील. ते दोन महिन्यांनी जाण्यापेक्षा तेव्हाच नाही म्हणाले तर दोघांचंही बरं होतं.

माणूस जाण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे कौशल्य जुळत नाही. पत्रात ‘अनुभवी सीएनसी ऑपरेटर’ असतं, पण शॉप फ्लोअरवर ऑपरेटर आणि सेटर यांत मोठा फरक आहे. ऑपरेटर जॉब लावतो, सायकल सुरू करतो, जॉब काढून मोजतो. सेटर टूल बसवतो, ऑफसेट घेतो, नवा जॉब उभा करतो, इन्सर्ट कधी बदलायचा ते ठरवतो. मोठ्या कारखान्यात एकाच जॉबवर तीन वर्षं काढलेला मुलगा प्रामाणिकपणे अनुभवी असतो, पण छोट्या वर्कशॉपमध्ये दिवसाला तीन जॉब बदलतात तिथे तो पहिल्याच आठवड्यात गोंधळतो. एजन्सीचं ‘तपासलेले’ म्हणजे बहुतेक वेळा फोनवरची मुलाखत आणि कागदांच्या प्रती. आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र खरं आहे की नाही हे ऑनलाइन पडताळता येतं, ते जरूर पडताळावं. पण टर्नरचा दोन वर्षांचा आणि वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण झाला एवढंच त्यातून कळतं. आज हात कसा चालतो ते मशीनवरच कळतं.

म्हणून अर्ध्या तासाची ट्रेड टेस्ट घ्यायची, आणि ती एजन्सीच्या ऑफिसात न घेता आपल्या मशीनवर घ्यायची. टर्निंगसाठी माझी आवडती चाचणी अशी: चालू जॉब, त्याचं ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर उमेदवारासमोर ठेवायचा. बाहेरचा व्यास २५.०० हवा आहे, मोजल्यावर २५.०४ येतो. आता काय करशील? व्यास पद्धतीनं चालणाऱ्या मशीनवर बरोबर उत्तर आहे त्या टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये `X -0.04` देणं. उत्तराआधी तो काय करतो हे जास्त बोलकं असतं. जाणकार मुलगा जॉब पुसतो, गरम असेल तर थांबतो, पुन्हा मोजतो, आणि विचारतो, ‘फिनिशिंगचं टूल कितव्या नंबरला आहे?’ ज्याला फक्त बटण दाबायची सवय आहे तो मायक्रोमीटरवरचं शेवटचं घर वाचताना अडखळतो, किंवा अधिक-उणे यांत घोटाळा करतो. मग भोकाचा व्यास २४.९६ आला तर काय, असं विचारावं. तिथे `X +0.04` लागतं. हे दोन्ही सांगणारा मुलगा सेटर नसला तरी शिकवून तयार होईल, असं मी धरतो.

वेल्डरची चाचणी याहून सोपी. आपल्याला ज्या स्थितीत वेल्डिंग लागतं त्याच स्थितीत पट्टी जोडून घ्यायची. टेबलावर आडवी ठेवून सुरेख मणी ओढणारा माणूस उभ्या जोडात, म्हणजे थ्रीजीमध्ये, धातू ओघळू देतो. पट्टी थंड झाल्यावर पट्ट्या कापून व्हाइसमध्ये वाकवाव्यात. आतपर्यंत वितळलेलं नसेल तर जोड तिथेच उघडतो. या चाचणीचा वेळ आणि जॉबचा खर्च मालकानं द्यावा आणि उमेदवाराचं येण्या-जाण्याचं भाडंही द्यावं. चाचणीच्या नावाखाली दिवसभर फुकट काम करून घेणारे कारखाने मी पाहिले आहेत, त्यांनी चांगल्या माणसाची अपेक्षा करू नये.

चाचणी घेताना एक प्रश्न एकांतात विचारायचा: ‘इथे पाठवण्यासाठी तुझ्याकडून कुणी पैसे घेतले का?’ कारखान्याकडून महिन्याच्या पगाराएवढी फी आणि कामगाराकडून ‘नोंदणी’ म्हणून दोन-तीन हजार, असे दोन्हीकडून घेणारे लोक या धंद्यात आहेत. अशा एजन्सीला माणूस टिकण्यापेक्षा फिरता राहण्यात जास्त फायदा असतो. दुसरी खूण बायोडेटात दिसते. चार-चार महिन्यांच्या नोकऱ्यांची रांग असेल आणि प्रत्येक ठिकाणी हीच एजन्सी मध्ये असेल, तर नव्वद दिवस संपल्यावर माणसाला पुढच्या कारखान्याचा फोन कोण करतो याचा अंदाज येतो. करारात एक वर्ष आमच्या कामगाराला दुसरीकडे पाठवणार नाही, असं वाक्य घालून घ्यावं. चांगल्या एजन्सीला त्यात अडचण नसते.

करारात आणखी तीन गोष्टी बदलून मागाव्यात. माणूस गेल्याचं कळवायची मुदत कामाच्या शेवटच्या दिवसापासून न मोजता गैरहजेरी ध्यानात आल्यापासून मोजावी, आणि सुट्टीचे दिवस त्यात धरू नयेत. बदलीच्या माणसाला रुजू झाल्यापासून नव्यानं नव्वद दिवस मिळावेत. आणि फी दोन हप्त्यांत द्यावी, अर्धी रुजू झाल्यावर, अर्धी नव्वद दिवस पूर्ण झाल्यावर. मला तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. अर्धे पैसे अजून यायचे असले की एजन्सी स्वतःहून महिन्यानं फोन करून विचारते, ‘काय रे, पगार बरोबर आला का? काही अडचण आहे का?’ मोठ्या एजन्सी हे मान्य करत नाहीत, त्यांना वाट बघायची गरज नसते. स्थानिक, दोन-तीन माणसांच्या एजन्सी बहुधा मान्य करतात.

आतापर्यंत बोललो ते थेट भरतीबद्दल. पण तशाच दिसणाऱ्या पत्रात कधीकधी वेगळा व्यवहार असतो, तो ओळखता यायला हवा. ‘फी’ऐवजी ‘सर्व्हिस चार्ज’ आणि ‘मासिक बिल’ हे शब्द दिसले, तर माणूस एजन्सीच्या पटावर राहणार आणि तुमच्याकडे कंत्राटी म्हणून येणार. इथे रिप्लेसमेंट म्हणजे कुणी गैरहजर राहिला तर एक-दोन दिवसांत दुसरा पाठवणं. हेल्परसाठी ते चालून जातं. सीएनसीवर मात्र दर आठवड्याला नवा माणूस म्हणजे दर आठवड्याला नवा रिजेक्शनचा ढीग आणि बोट सापडण्याचा नवा धोका.

कंत्राटी व्यवहारात सर्वांत आधी दर तपासावा. समजा कामगाराचा पगार १८,००० ठरला. मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि आनुषंगिक आकार मिळून १५,००० वर १३ टक्के, म्हणजे १,९५०. ईएसआयसी ३.२५ टक्के, म्हणजे ५८५. एवढ्यातच २०,५३५ झाले. बोनस, रजेचा पगार, एजन्सीचा नफा आणि जीएसटी अजून धरलेलेच नाहीत. आणि पत्रात लिहिलेलं असतं, ‘सर्व कायदेशीर देणी धरून २०,००० रुपये’. मग हे पैसे कुठून तरी कापले जाणार आहेत. एक तर पगार कागदावर एक आणि हातात दुसरा, नाही तर पीएफ भरलाच जात नाही.

हे एजन्सीचं पाप आहे असं म्हणून मालकाला बाजूला होता येत नाही. कंत्राटदारानं पगार थकवला तर तो मूळ मालकानं द्यायचा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. थकलेल्या पीएफचंही तसंच, भविष्य निर्वाह निधी कार्यालय मूळ मालकाकडे येऊ शकतं. आणि कंत्राट निव्वळ कागदी असेल, हजेरी, रजा, शिस्त सगळं कारखानाच बघत असेल, तर तो कामगार कारखान्याचाच ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या प्रकरणात कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाहीत असं सांगितलं, पण कंत्राट दिखाऊ निघालं तर संरक्षण मिळणार नाही हेही त्याच निकालात स्पष्ट केलं.

पत्र पाठवणाऱ्याची ओळख पटवायला फार वेळ लागत नाही. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ नं सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द, आणि कधीची आहे, ते दिसतं. ‘पंधरा वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्याची नोंदणी चार महिन्यांपूर्वीची निघाली तर विचारायला हवं. एजन्सीचा पीएफ कोडही ईपीएफओच्या संकेतस्थळावर शोधता येतो.

काम सुरू झाल्यावर दर महिन्याला बिल मंजूर करण्याआधी पीएफचं चलान मागायची पद्धत बहुतेक कारखान्यांत आहे, पण चलानावर फक्त एकूण रक्कम असते. एजन्सी दहा कारखान्यांचं एकच चलान दाखवू शकते. सोबत ईसीआर मागावा, म्हणजे ती यादी जिच्यात प्रत्येक कामगाराचं नाव, यूएएन आणि त्याच्या खात्यात गेलेली रक्कम असते. गेटवरच्या हजेरीवहीत बारा नावं आणि ईसीआरमध्ये नऊ असतील, तर उरलेल्या तिघांना बोलावून त्यांच्या मोबाइलवर पासबुक उघडून बघावं, आणि त्यांचे पैसे जमा झाल्याचं दिसेपर्यंत बिलातली तेवढी रक्कम रोखून धरावी.